आधी प्रश्न, मग आलेख

प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकलं आणि कोलाड अजून यायचं असलं, की मध्ये आमचं खांब लागतं. तालुका रोहा, पण उन्हाळ्यात आमचं लक्ष उत्तरेला, पेणकडे असतं. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून भरलेले टेम्पो त्या दिवसांत रस्त्याने दक्षिणेकडे जाताना दिसतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, अजून रंग न लागलेल्या कच्च्या गणेशमूर्ती त्यांत पेंढ्यावर बसवलेल्या असतात. त्या घेऊन आपल्या गावात रंगवणारे, आखणी करणारे आणि विकणारे लहान कारखानदार कोकणात गावोगाव आहेत. ही पुस्तिका पहिल्यांदा त्यांच्यासाठी लिहिली. पुढे किराणा दुकानदार, पापड-पोह्यांचे बचत गट आणि टेम्पोमालकही तिच्यात आले. प्रस्तावनेतला कारखाना मात्र गणपतीचाच ठेवला आहे, कारण महिन्यागणिक आवक आणि खर्च किती वेडावाकडा असू शकतो हे त्या धंद्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

महिन्याचे आकडे चित्रात मांडायचे तीन ओळखीचे प्रकार आहेत. शाळेच्या पुस्तकातली त्यांची नावं स्तंभालेख, रेषालेख आणि वृत्तालेख. बाजारात त्यांना बार, लाइन आणि पाय म्हणतात. संगणकावर तिन्ही एका बोटाच्या अंतरावर असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. आकडे निवडायचे, बटण दाबायचं, रंगीत काहीतरी उमटतं. ते शोभतं का हे आपण पाहतो. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, की वही एकच असली तरी तिला विचारायचे प्रश्न वेगळे असतात, आणि आलेख आकड्यांवरून ठरत नाही, प्रश्नावरून ठरतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा आधार हाच आहे, म्हणून तो इथे एका हिशेबावर तपासून दाखवतो.

हिशेब शिकवण्यासाठी जुळवलेला आहे, कोणाच्या खऱ्या वहीतला नाही. कामाचा क्रम मात्र खरा आहे. समजा, खांबला एक लहान रंगकारखाना आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गाळ्याचं भाडं आणि थोडं साहित्य. पावसाच्या दमट हवेत माल सुकत नाही आणि वाहतुकीत भिजण्याची भीती असते, म्हणून कच्च्या मूर्तींची मोठी खरेदी मार्च ते मे या काळात उरकायची. जून-जुलैत रंगारी बसवायचे, मजुरी सुरू. गिऱ्हाईक घरचा पाट कारखान्यात आणून देतं, तेव्हा थोडी आगाऊ रक्कम येते. उरलेले पैसे मूर्ती उचलताना, म्हणजे चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्या वर्षाचे आकडे हजार रुपयांत असे धरू:

| महिना | खर्च | आवक | आजवरची बाकी |
|---|---|---|---|
| जानेवारी | २० | ० | −२० |
| फेब्रुवारी | ३० | ० | −५० |
| मार्च | ६० | १० | −१०० |
| एप्रिल | ९० | २० | −१७० |
| मे | १२० | ४० | −२५० |
| जून | १०० | ६० | −२९० |
| जुलै | १०० | १५० | −२४० |
| ऑगस्ट | ८० | ५०० | +१८० |

एकूण खर्च सहा लाख, आवक सात लाख ऐंशी हजार, शिल्लक एक लाख ऐंशी हजार.

पहिला प्रश्न कारखानदाराच्या घरात दर वर्षी डिसेंबरातच निघतो: यंदा उसने किती घ्यावे लागतील? हा प्रश्न काळाचा आहे. एक महिना दुसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे, मेचा खड्डा एप्रिलच्या खड्ड्यातूनच खोल झालेला आहे. म्हणून इथे रेषालेख. रेषा दोन बिंदूंना जोडते, तेव्हा ती सांगत असते की हे त्याच्यानंतर आलं आणि त्याच्यातूनच आलं. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर रुपये आणि दोन रेषा.

पण कोणत्या दोन रेषा? इथे जपून. महिन्याचा खर्च आणि महिन्याची आवक अशा रेषा काढल्या, तर त्या जून आणि जुलैच्या मध्ये एकमेकींना छेदतात, कारण जुलैत खर्च १०० आणि आवक १५०. ते पाहून वाटतं, जुलैत आपण वर आलो. आलो नाही. जुलैत फक्त त्या महिन्याचा खर्च त्या महिन्याने भागवला आणि वर पन्नास हजार उरले. मागचे दोन लाख नव्वद हजार तसेच अंगावर होते, ते दोन लाख चाळीसवर आले. उसनवारीचा प्रश्न असेल तर आजवरचा एकूण खर्च आणि आजवरची एकूण आवक अशा चढत्या बेरजांच्या रेषा काढायच्या. मग खर्चाची रेषा आधी वर जाते, आवकीची रेषा जमिनीला धरून सरपटते, आणि दोघींची गाठ ऑगस्टात, मूर्ती उचलायला गर्दी होते तेव्हाच पडते. दोन रेषांमधलं सर्वांत मोठं उभं अंतर जूनअखेरीला आहे: दोन लाख नव्वद हजार. उसनवारीची मर्यादा तीच.

या उत्तराची किंमत लक्षात घ्या. खर्चाची बेरीज पाहून बँकेकडे गेलेला माणूस सहा लाख मागेल. रेषा पाहून गेलेला तीन लाख मागेल, जूनच्या शेवटी त्याची सर्वांत जास्त गरज आहे असं सांगेल, आणि हप्ता जुलैपासून नको, सप्टेंबरपासून लावा असं म्हणेल. आकडे तेच, पण बोलणी बदलतात.

रेषालेखात आणखी एक खबरदारी. जानेवारीत आवक शून्य आहे, कारण खरोखर एकही रुपया आला नाही. ते शून्य रेषेत दाखवायचं. पण एखाद्या महिन्याची वही उंदरांनी खाल्ली किंवा नोंदच केली नाही, तर तिथे शून्य लिहू नये. रेषा खाली आपटेल आणि पाहणारा विचारेल, त्या महिन्यात काय झालं? तिथे जागा रिकामी सोडावी, रेषा तुटू द्यावी. न झालेली विक्री आणि न लिहिलेली विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रश्न सप्टेंबरात येतो, हातात पैसे असताना: गेल्या वर्षीपेक्षा धंदा वाढला का? हा तुलनेचा प्रश्न. दोन ढीग शेजारी ठेवून कोणता उंच हे पाहायचं आहे, म्हणून स्तंभालेख. आपला डोळा एका रेषेवर उभ्या केलेल्या दोन काठ्यांची उंची फार चांगली ओळखतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच पट्टीवरची जागा पाहून माणूस जेवढा बरोबर अंदाज करतो, तेवढा कोन पाहून करत नाही, असं त्यांना आढळलं. हा निष्कर्ष वृत्तालेखापर्यंत लक्षात ठेवा.

आता २०२४ च्या वहीशी तुलना करू. समजा, त्या वर्षी एकूण खर्च पाच लाख आणि एकूण आवक सात लाख होती. घाईत कोणीही ऑगस्टचा ऑगस्टशी स्तंभ लावतो. २०२४ च्या ऑगस्टात दोन लाख ऐंशी हजार, २०२५ च्या ऑगस्टात पाच लाख. स्तंभ जवळपास दुप्पट! घरात पेढे वाटायला हरकत नाही असं वाटतं. पण २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्या वर्षीची शेवटच्या आठवड्याची विक्री, समजा एक लाख ऐंशी हजार, सप्टेंबरच्या खात्यात पडली. २०२५ ला तीच विक्री ऑगस्टात आली. वाढ खरी आहे, पण सात लाखांवरून सात लाख ऐंशी हजार, म्हणजे सुमारे अकरा टक्के. बाकीची वाढ पंचांगाची, धंद्याची नव्हे.

कोकणातल्या धंद्याला इंग्रजी महिना हे माप अनेकदा अपुरं पडतं. चतुर्थी भाद्रपदाला बांधलेली, भाद्रपद चंद्राला बांधलेला, आणि अधिक मास आला की सगळं पुढे सरकतं. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चतुर्थी १९ सप्टेंबरवर गेली. त्याच्या आदल्या वर्षी ती ३१ ऑगस्टला होती. म्हणून या पुस्तिकेच्या स्तंभालेखांच्या प्रकरणात आडव्या अक्षावर महिन्याऐवजी "चतुर्थीआधी किती आठवडे" असं लिहिलेलं दिसेल. शेवटचा आठवडा शेवटच्या आठवड्याशेजारी, त्याआधीचा त्याच्या शेजारी. असे जोडस्तंभ काढले की तुलना खरी होते. हीच युक्ती दिवाळीच्या फराळाला आणि होळीच्या रंगांनाही लागू पडते.

स्तंभालेखाला एक नियम असा आहे ज्याला सूट नाही: उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे. रेषालेखात पाहणारा चढउतार पाहतो, म्हणून तिथे अक्ष मधून सुरू केला तर सांभाळून घेता येतं. स्तंभात मात्र उंची हीच रक्कम. सात लाख आणि सात लाख ऐंशी हजार हे दोन स्तंभ सहा लाख ऐंशी हजारांपासून उभे केले, तर एकाची उंची वीस आणि दुसऱ्याची शंभर उरते. अकरा टक्क्यांची वाढ पाचपट दिसते. हा लबाडीचाच प्रकार असतो असं नाही. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल कधी कधी स्वतःच अक्ष मधून सुरू करतं. तेव्हा अक्षावर दोनदा क्लिक करून `Format Axis` मध्ये `Minimum` समोर `0` लिहावं. कोणी दाखवलेला स्तंभालेख हाती आला, तर रंग पाहण्याआधी डाव्या कोपऱ्यातला सर्वांत खालचा आकडा पाहावा.

याच दोन वर्षांच्या खर्चाचे स्तंभ आवकीच्या शेजारी उभे केले, तर आणखी एक गोष्ट समोर येते. आवक ऐंशी हजारांनी वाढली, खर्च मात्र लाखाने. २०२४ ला शिल्लक दोन लाख होती, २०२५ ला एक लाख ऐंशी हजार. विक्री वाढली आणि नफा घटला. इथून तिसरा प्रश्न आपोआप निघतो.

पैसा जातो कुठे? एका पूर्ण रकमेचे वाटे किती, असा हा प्रश्न, आणि वृत्तालेखाचं खरं घर इथेच. २०२५ चे सहा लाख असे वाटले गेले असं धरू: कच्च्या मूर्ती दोन लाख सत्तर हजार, मजुरी एक लाख अडुसष्ट हजार, रंग आणि साहित्य बहात्तर हजार, भाडं आणि मांडव बेचाळीस हजार, वाहतूक तीस हजार, वीज आणि किरकोळ अठरा हजार. टक्क्यांत पंचेचाळीस, अठ्ठावीस, बारा, सात, पाच आणि तीन. वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून एका टक्क्याला ३.६ अंश. कच्च्या मूर्तींचा कोन १६२ अंश, जवळपास अर्धी भाकरी. मूर्ती आणि मजुरी मिळून तीन चतुर्थांशाला थोडे कमी. एवढं सांगायला वृत्तालेख उत्तम, आणि ते पाहणाऱ्याला आकडे न वाचता कळतं.

त्यापलीकडे त्याला ताणू नये. सात टक्क्यांची फोड आणि पाच टक्क्यांची फोड यांतला फरक डोळ्याला कळत नाही. कोनाबद्दलचा तो १९८४ चा निष्कर्ष इथे आडवा येतो. शेवटच्या तीन फोडी एकत्र करून "इतर, पंधरा टक्के" केलं तर चित्र सुधारतं. बेरीज शंभर होत नसेल तर वृत्तालेख काढूच नये. तोट्याची फोड कापता येत नाही, म्हणून नफा-तोट्यालाही तो चालत नाही. आणि आठ महिन्यांच्या आवकीच्या आठ फोडी करणं तर नकोच. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंतचा क्रम वर्तुळात हरवतो, शेवट सुरुवातीला चिकटतो. त्यातून एकच गोष्ट सांगायची असेल, की वर्षाची जवळपास दोन तृतीयांश आवक एकट्या ऑगस्टात झाली, तर दोन फोडी करा: ऑगस्ट आणि बाकीचे सगळे.

सर्वांत फसवी चूक म्हणजे दोन वर्षांचे दोन वृत्तालेख शेजारी लावणं. समजा, २०२४ च्या पाच लाखांत कच्च्या मूर्तींचे दोन लाख, मजुरीचे दीड लाख आणि बाकी सगळ्याचे दीड लाख होते. म्हणजे मजुरी तीस टक्के. २०२५ ला ती अठ्ठावीस टक्के. दोन वर्तुळं पाहून कोणीही म्हणेल, मजुरी कमी झाली, रंगाऱ्यांना थोडं वाढवून द्यायला जागा आहे. प्रत्यक्षात मजुरी अठरा हजारांनी वाढली आहे. फोड लहान दिसली, कारण भाकरीच मोठी झाली. वर्तुळ वाटा सांगतं, रक्कम नाही. वाट्यांबरोबर रक्कमही दाखवायची असेल तर विभाजित स्तंभालेख काढावा: दोन वर्षांचे दोन स्तंभ, एक पाच लाख उंच, दुसरा सहा लाख, आणि प्रत्येकात खालून वर मूर्ती, मजुरी, इतर असे थर. मग दिसतं की वाढलेल्या एका लाखातले सत्तर हजार कच्च्या मूर्तींनी खाल्ले, अठरा मजुरीने, बारा इतर खर्चाने. नफा कुठे गेला याचं उत्तर हमरापूर-जोह्याच्या दरात आहे, रंगाऱ्याच्या खिशात नाही. पुढच्या वर्षी खरेदीची बोलणी लवकर करावी, हा त्या चित्राचा अर्थ.

हे तिन्ही प्रकार एकाच माणसाने चालू केले, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश लेखक. १७८६ साली त्याने आयात-निर्यातीचे आलेख असलेलं पुस्तक काढलं. इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे वर्षानुवर्षांचे होते, त्यांच्या त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने एकेका देशाशी झालेल्या व्यापाराचे पट्टे मांडले, आणि स्तंभालेख जन्माला आला. पुढे १८०१ साली तुर्की साम्राज्याचा किती भाग आशियात, किती युरोपात, किती आफ्रिकेत हे दाखवायला त्याने वर्तुळाच्या फोडी केल्या. काळ होता तिथे रेषा, काळ नव्हता तिथे स्तंभ, एका पूर्णाचे वाटे होते तिथे वर्तुळ. सव्वादोनशे वर्षांत संगणक आले, रंग आले, फुगवलेली त्रिमिती वर्तुळं आली, पण ही वाटणी बदललेली नाही. त्रिमितीचं म्हणाल तर ती टाळाच. पुढे झुकलेली फोड आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात वही महिनावार कशी लावायची आणि चढती बेरीज कशी करायची, दुसऱ्यात रेषालेख, तिसऱ्यात स्तंभालेख आणि त्याचे प्रकार, चौथ्यात वृत्तालेख. प्रत्येक आलेख आधी आलेखवहीवर हाताने आणि मग संगणकावर काढला आहे. हाताने काढायला सांगतो, कारण कोनमापक धरून तीन टक्क्यांचे १०.८ अंश मोजायची वेळ आली, की ती फोड वेगळी दाखवायची खरंच गरज आहे का, हा विचार माणूस आपोआप करतो. बटण दाबणाऱ्याला तो सुचत नाही.

वाचकाला एकच विनंती. कोणताही आलेख काढण्याआधी कागदाच्या माथ्यावर आपला प्रश्न एका वाक्यात लिहा, प्रश्नचिन्हासकट. तो लिहिता आला नाही, तर आलेख काढू नका. आकड्यांचा तक्ता पुरेसा आहे. आणि गणपतीचा धंदा करणाऱ्यांनी प्रश्नाशेजारी त्या वर्षाच्या चतुर्थीची तारीखही लिहावी. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला. त्या वर्षी ऑगस्टचा स्तंभ आदल्या वर्षीपेक्षा बुटका निघेल, आणि तो पाहून कोणी दर पाडायची घाई करू नये.

खांब, तालुका रोहा, जिल्हा रायगड